चौकट थांबवली तरी वाक्य थांबत नाही



उपवासकाळात आपल्या पॅरिश हॉलमध्ये दर शुक्रवारी एक छोटा चित्रपट दाखवला जातो. बहुतेक चित्रपट बाहेरचे असतात. बोलणे स्पॅनिश किंवा इटालियन, आणि पडद्याच्या तळाला इंग्रजी अक्षरे. आपल्या सीमाभागातली मुले इंग्रजी वाचतात, कानडीही वाचतात. पण पुढच्या बाकांवर बसणारी वडीलधारी माणसे मराठीच वाचतात, आणि तीही सावकाश. त्यांच्यासाठी आम्ही चार स्वयंसेवक चित्रपट थांबवत थांबवत तळाच्या ओळी मराठीत आणतो. या कामात खरी अडचण अवघड शब्दांची नसते, ती तुटलेल्या वाक्यांची असते. तिच्याविषयी आज थोडे सविस्तर लिहीत आहोत. इतर धर्मग्रामांतल्या मंडळींनाही ते उपयोगी पडेल.

आधी वाक्य का तुटते ते पाहू. पडद्यावर एका वेळी दोनच ओळी मावतात, आणि एका ओळीत साधारण चाळीस अक्षरे. त्या ओळी एका सेकंदापासून सहा-सात सेकंदांपर्यंत राहतात आणि जातात. एका वेळी दिसणाऱ्या अशा मजकुराला आम्ही आपसात ‘चौकट’ म्हणतो. बोलणारा माणूस काही चौकटीच्या मापाने बोलत नाही. लांब वाक्य असले की ते दोन, तीन, कधी पाच चौकटींत वाटले जाते. प्रेक्षकाला याचा त्रास होत नाही, कारण चौकटी त्याच्यासमोरून वाहत जातात आणि कानावर आवाजही पडत असतो. आपण मात्र चित्र थांबवतो, आवाज बंद होतो, आणि समोर उरतो तो वाक्याचा एक तुकडा. तो तुकडा पूर्ण वाक्यासारखा दिसू शकतो. धोका तिथेच आहे.

यंदाचे एक उदाहरण घेऊ. चित्रपटात एक स्पॅनिश बोलणारी म्हातारी आई आहे. तिचा मुलगा एका गाडीखाली सापडून गेला. गाडी चालवणारा तरुण नंतर तिच्या घरी आला. बाराव्या मिनिटाला ती कॅमेऱ्याकडे न बघता बोलते. तळाची इंग्रजी अक्षरे देवनागरीत लिहिली तर चार चौकटी अशा होतात:

पहिली: आय डिड नॉट फर्गिव्ह हिम
दुसरी: बिकॉज ही केम टू माय डोअर अँड वेप्ट.
तिसरी: आय हॅड फर्गिव्हन हिम
चौथी: ऑन द रोड बॅक फ्रॉम द सिमेटरी.

आता एकेक चौकट थांबवून मराठी केली तर काय होते ते पाहा. पहिली: ‘मी त्याला क्षमा केली नाही.’ दुसरी: ‘कारण तो माझ्या दारात येऊन रडला.’ तिसरी: ‘मी त्याला क्षमा केली होती.’ चौथी: ‘कबरस्तानातून परतण्याच्या रस्त्यावर.’ चारही ओळींतला प्रत्येक शब्द शब्दकोशाप्रमाणे बरोबर आहे. तरी एकत्र वाचल्यावर बाई काय म्हणते ते कळत नाही, आणि पहिली ओळ तर तिच्या म्हणण्याच्या नेमकी उलट आहे. तिचे म्हणणे असे आहे की, तो येऊन रडला हे क्षमेचे कारण नव्हते. क्षमा त्याच्याही आधी, मुलाला मातीत ठेवून घरी येतानाच होऊन गेली होती.

हा उलट अर्थ पडद्यावर तीनच सेकंद राहिला असता. पण आमच्या हॉलमध्ये पुढच्या बाकावर एक मावशी बसतात. त्यांचाही मुलगा अशाच अपघातात गेला, आणि ती गाडी चालवणारा आपल्याच पंचक्रोशीतला आहे. त्या सावकाश वाचतात, आणि मनाला लागलेल्या ओळीवर थांबतात. ‘मी त्याला क्षमा केली नाही’ ही ओळ वाचून त्यांची नजर पदराकडे वळली असती तर पुढच्या तिन्ही चौकटी त्यांच्या नजरेतून निसटल्या असत्या. अशी ओळ नंतरच्या ओळीने दुरुस्त होत नाही.

म्हणून आमची पहिली पायरी ही की, वाक्य पूर्ण गोळा होईपर्यंत एकही शब्द मराठीत आणायचा नाही.

त्याच्याही आधी एक गोष्ट तपासावी. तळाची अक्षरे बंद करता येतात का? बंद होत असतील तर ती चित्रापासून वेगळी ठेवलेली असतात. मग सगळा मजकूर वेळेसकट एकत्र मिळू शकतो, आणि थांबवत बसण्याची गरजच उरत नाही. यूट्यूबवर अनेकदा माहितीच्या चौकोनात `Show transcript` असे बटण असते. चित्रपट दाखवण्याची परवानगी मागताना निर्मात्यांकडे मूळ मजकूरही मागावा. पुष्कळदा तो त्यांच्याकडे असतो. आमच्या या चित्रपटाची अक्षरे मात्र चित्रातच मुरलेली होती. मुरलेली अक्षरे बंद होत नाहीत आणि पुसताही येत नाहीत. ती डोळ्यांनी वाचून वहीतच उतरवावी लागतात.

उतरवताना आम्ही व्हीएलसी वापरतो. `Space` दाबले की चित्र थांबते, `E` दाबले की एकेक चित्र पुढे सरकते. यूट्यूबवर थांबवलेले असताना `.` ने एक चित्र पुढे आणि `,` ने एक चित्र मागे जाता येते. एकेक चित्र सरकवायला कारण आहे. नेमके अक्षरे बदलण्याच्या क्षणी थांबलो तर कधी जुनी ओळ विरत असते आणि नवी उमटत असते. दोन्हींची भुतासारखी सावली दिसते आणि भलतेच अक्षर वाचले जाते. दोन-तीन चित्रे पुढे गेलो की ओळ स्वच्छ होते.

वहीत चार रकाने असतात: चौकटीचा क्रमांक, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ आणि इंग्रजी मजकूर जसाच्या तसा. ‘जसाच्या तसा’ यावर आमचा आग्रह आहे, कारण वाक्य कुठे जोडलेले आहे त्याच्या खुणा बारीक असतात. इंग्रजी चौकट लहान लिपीतल्या अक्षराने सुरू झाली तर ती मागच्या चौकटीचा उरलेला भाग असते. वरच्या उदाहरणात ‘बिकॉज’ आणि ‘ऑन’ ही दोन्ही लहान अक्षराने सुरू होत होती. चौकटीच्या शेवटी पूर्णविराम नसेल तर वाक्य पुढे चालू आहे. ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ असेल तर बहुधा दोन माणसे आळीपाळीने बोलत आहेत. अक्षरे तिरकी असतील तर बोलणारा सहसा चित्रात दिसत नाही. देवनागरीत लहान-मोठी लिपी नसते. त्यामुळे घाईने थेट मराठीतच उतरवले तर सगळ्यांत उपयोगी खूण तिथेच हरवते.

एखादी चौकट सुटली आहे हेही याच खुणांवरून कळते. मागच्या ओळीला पूर्णविराम आहे आणि पुढची ओळ लहान अक्षराने सुरू होते, असे वहीत दिसले तर मधली एक चौकट निसटली असे समजावे. सेकंदभरच राहणाऱ्या चौकटी अशाच निसटतात. दुसरी खूण ओठांची. ओठ हलत आहेत आणि तळाला काही नाही, असे बराच वेळ दिसले तर मागे जाऊन पाहावे.

पण आमच्या उदाहरणाने आणखी एक गोष्ट शिकवली. दुसऱ्या चौकटीच्या शेवटी पूर्णविराम आहे, म्हणजे व्याकरणाने वाक्य तिथे संपले. तरीही पहिल्या दोन चौकटींचा अर्थ तेवढ्यावर ठरत नाही. इंग्रजीतले ते वाक्य दोन्हीकडे झुकू शकते: ‘तो रडला, म्हणून मी क्षमा केली नाही’ असेही, आणि ‘क्षमा केली, पण तो रडला म्हणून नव्हे’ असेही. तिसरी चौकट वाचल्यावरच निकाल लागतो. म्हणून आम्ही पूर्णविरामाशी थांबत नाही. बोलणाऱ्याचा विचार संपेपर्यंत, म्हणजे साधारण पुढचे एक वाक्य येईपर्यंत, वाचत जातो. विशेषतः ‘नाही’ आणि ‘कारण’ एकाच वाक्यात आले की पुढचे वाक्य पाहिल्याशिवाय लेखणी उचलत नाही.

या ठिकाणी आमच्या मदतीला एक सिस्टर आल्या. त्या बरीच वर्षे दक्षिण अमेरिकेत होत्या. त्यांनी डोळे मिटून ते वाक्य दोनदा ऐकले आणि सांगितले की, मूळ स्पॅनिशमध्ये संशयाला जागाच नाही. स्पॅनिशमध्ये ‘हे कारण नव्हे’ असे म्हणायचे असते तेव्हा ‘कारण’च्या पुढच्या क्रियापदाचे रूपच बदलते. त्या आईने ते बदललेले रूप वापरले होते. इंग्रजीत तसे वेगळे रूप नसल्यामुळे भाषांतर करणाऱ्याच्या हातून ती खूण गळून पडली. त्याचा दोष नाही. पण आपण भाषांतराचे भाषांतर करतो आहोत हे ध्यानात ठेवावे, आणि मूळ भाषा जाणणारे कुणी जवळपास असेल तर निदान अडलेल्या ओळी त्यांना ऐकवाव्यात.

दुसरी पायरी अशी: गोळा केलेले पूर्ण वाक्य चौकटींचा विचार न करता मराठीत आणायचे, आणि मगच त्याचे तुकडे करायचे. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते, नकारही शेवटी येतो. इंग्रजीत ही दोन्ही सुरुवातीलाच येऊन बसतात. त्यामुळे इंग्रजी तुकड्यांच्या जागी मराठी तुकडे ठेवत गेलो की सांधे जुळत नाहीत.

आमच्यातल्या एका तरुणाने पूर्ण वाक्यावरून पहिला मसुदा असा केला: ‘तो माझ्या दारात येऊन रडला / म्हणून मी त्याला क्षमा केली, असं नाही. / कबरस्तानातून घरी परततानाच / मी त्याला क्षमा केली होती.’ मराठी स्वच्छ आहे आणि अर्थही बरोबर आहे. पण पडद्यावर लावून पाहिल्यावर एक गोष्ट खटकली. पहिल्या चौकटीच्या वेळी चित्रात आईचा चेहरा आहे. दुसऱ्या चौकटीला कॅमेरा सावकाश घराच्या दाराकडे वळतो. मसुद्यात दार आधी येत होते आणि ते दिसत होते नंतर. शिवाय शेवटच्या चौकटीला चित्रात रस्ता येतो, आणि तोपर्यंत कबरस्तानाची ओळ निघून गेलेली असते.

मग आम्ही बोलीभाषेकडे वळलो. घरात आपण असे कसे सांगू? ‘मी आले ती तुझ्यासाठी नव्हे, आईसाठी,’ असे आपण सहज म्हणतो. त्या छोट्या ‘ती’मध्ये वाक्य लटकते ठेवण्याची ताकद आहे. तोच धागा धरून शेवटी चार चौकटी अशा झाल्या:

```
112
00:12:04,200 --> 00:12:06,900
मी त्याला क्षमा केली ती

113
00:12:07,000 --> 00:12:10,400
तो माझ्या दारात येऊन रडला म्हणून नव्हे.

114
00:12:11,000 --> 00:12:13,200
क्षमा मी केव्हाच केली होती,

115
00:12:13,300 --> 00:12:16,500
कबरस्तानातून घरी परततानाच.
```

आता दाराच्या चित्राखाली दार आहे आणि रस्त्याच्या चित्राखाली रस्ता. पहिली चौकट ‘ती’वर संपते, त्यामुळे वाचणाऱ्याला आपोआप कळते की बोलणे पुढे आहे. मराठीत वाक्य असे लटकते ठेवायला ‘की’, ‘तेव्हा’, ‘जो… तो’, ‘जरी… तरी’ असे कितीतरी आकडे आहेत. चौकट अशा आकड्यावर तोडली तर ती दुखत नाही. नाम आणि त्याचा प्रत्यय, किंवा क्रियापद आणि ‘नाही’, यांच्यामध्ये तोडली तर दुखते. ‘क्षमा केली’ एका चौकटीत आणि ‘नाही’ पुढच्या चौकटीत, असे कधीही करू नये.

वर दिले आहे तसा मजकूर साध्या फाइलमध्ये लिहून तिला चित्रपटाचेच नाव द्यायचे आणि शेवट `.srt` करायचा. वेळेत सेकंदांनंतर स्वल्पविराम येतो, टिंब नव्हे. फाइल `UTF-8` मध्ये जतन केली नाही तर देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. चित्रपट आणि फाइल एकाच फोल्डरमध्ये असली की व्हीएलसी ती आपणहून उघडते. तळाला मुरलेले इंग्रजी तसेच राहते, म्हणून मराठी ओळी आम्ही सेटिंगमधून थोड्या वर उचलून घेतो. आपल्या अक्षरांना वर वेलांटी आणि खाली उकार असतो, त्यामुळे दोन ओळी फार चिकटल्या तर वाचणे कठीण जाते. शक्य तिथे आम्ही एकच ओळ ठेवतो.

थांबवलेल्या चौकटीत आणखी एक गोष्ट दिसत नाही: बोलणारे कोण आणि कुणाशी. याच चित्रपटात पुढे एक चौकट येते, ‘व्हेन आय रीच्ड द हाउस’. चित्रात फक्त बंद फाटक आहे. ‘मी घरी पोहोचले’ की ‘मी घरी पोहोचलो’? इंग्रजीला विचारून उपयोग नाही, तिथे दोन्हीला एकच रूप. अक्षरे तिरकी होती, म्हणजे बोलणारा चित्राबाहेर. आवाज सुरू करून ऐकले तर तो तरुण बोलत होता. ‘पोहोचलो’ ठरले. त्याच्या पुढच्या चौकटीत तो आईशी बोलतो आणि आई त्याला उत्तर देते. इंग्रजीत दोघांनाही एकच ‘यू’. आपल्याकडे तो तरुण तिला ‘तुम्ही’ म्हणेल, आणि ती त्याला ‘तू’ म्हणेल. त्या ‘तू’मध्येच तिचे मन कळते: ‘आधी बस, दोन घास खा, मग बोल.’ चौकट थांबवताना आवाज थांबतो, म्हणून प्रत्येक वाक्य लिहून झाले की एकदा आवाजासह चालवून पाहायचे, हा आमचा नियम आहे.

शेवटची पायरी तपासणीची. दोन तपासण्या आम्ही नेहमी करतो. पहिली वाचनाची: चौकट पडद्यावर आहे तेवढ्या वेळात ती मोठ्याने, न धावता, वाचून संपली पाहिजे. संपत नसेल तर शब्द कमी करायचे, अर्थ नाही. वरच्या तिसऱ्या चौकटीत ‘त्याला’ गाळले आहे, कारण तो कोण हे पहिल्या चौकटीत सांगून झाले आहे.

दुसरी तपासणी थोडी वेगळी आहे. छापलेल्या कागदावर एकच चौकट उघडी ठेवून बाकीच्या झाकायच्या, आणि चित्रपट न पाहिलेल्या कुणाला तरी ती वाचायला द्यायची. त्या एकट्या चौकटीवरून त्यांना जो अर्थ लागेल तो पूर्ण वाक्याच्या उलट असता कामा नये. अर्धा असला तर चालेल, अधांतरी असला तरी चालेल. कारण हॉलमध्ये कुणी मध्येच खोकतो, कुणाचे लेकरू रडते, कुणाचा चष्मा पुसायचा असतो. प्रत्येक प्रेक्षक कुठली ना कुठली चौकट एकटीच वाचणार आहे.

या वेळी आम्ही ते कागद गायनमंडळातल्या एका आजोबांना दिले. सत्तरी ओलांडलेले, जाड काचेचा चष्मा, चित्रपटाविषयी काहीच माहीत नाही. आधी इंग्रजीवरून तुकडा तुकडा केलेल्या कागदातली पहिली ओळ दाखवली आणि विचारले, “बाईने क्षमा केली का?” ते म्हणाले, “नाही म्हणते आहे की.” मग शेवटच्या मसुद्यातली पहिली ओळ दाखवली. त्यांनी वाचली, बोट ‘ती’वर ठेवले आणि म्हणाले, “केली म्हणते. पण पुढे काहीतरी सांगायचंय तिला. पुढचा कागद द्या.”

पुढच्या शुक्रवारी हीच फाइल हॉलमध्ये लावली. ज्या धर्मग्रामांना ती हवी असेल त्यांनी आधी चित्रपटाच्या निर्मात्यांची परवानगी घ्यावी, आणि मग आम्हाला कळवावे. वहीचे चार रकान्यांचे पानही सोबत पाठवू.